खाकीतला अभिनय : एस.टी.च्या वाहकाचा चेहरा आणि त्यामागचे मन

#थ्रेड

१/ १ जून १९४८. अहमदनगरहून पुण्याकडे एक बस निघाली. लाकडी बांधणीची ही गाडी म्हणजे राज्य परिवहनाची, आपल्या एस.टी.ची, पहिली फेरी. चालक होते किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे. वाटेतल्या गावांत लोक गाडी पाहायला जमले, तिचे स्वागत झाले. एस.टी.च्या इतिहासात ही तारीख ठळक अक्षरांत असते आणि ती तशी असायलाच हवी. मात्र त्या दिवशी एका नव्या नोकरीचाही जन्म झाला, तिच्याकडे इतिहासाने फारसे पाहिलेले नाही. ती नोकरी म्हणजे सरकारी गाडीतल्या वाहकाची.

२/ वाहकाचे काम कागदावर सोपे दिसते. तिकीट द्यावे, पैसे घ्यावेत, थांबा आला की एक घंटी, निघायचे झाले की दोन. दिवसअखेर हिशेब जुळवून रोकड आगारात भरावी. यातले प्रत्येक काम मोजता येते. कोणत्याही हिशेबात न उतरणारे एक काम मात्र त्याच माणसाने त्याच पगारात करायचे असते. शिवी आली तरी आवाज चढू द्यायचा नाही, रडणाऱ्या मुलाच्या आईवर वैतागायचे नाही, दारूच्या नशेतल्या प्रवाशाला उतरवताना बाकीच्या गाडीला घाबरवायचे नाही. याला समाजशास्त्रात 'भावनिक श्रम' म्हणतात. हा थ्रेड त्या श्रमाचा आणि तो करण्याच्या दोन अगदी वेगळ्या रीतींचा आहे.

३/ प्रसंगासाठी नगर जिल्ह्याचाच (आता अहिल्यानगर) एक कोपरा घेऊ. अकोले तालुक्यातले राजूर. इथून पुढे रस्ता भंडारदऱ्याकडे, कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावाकडे आणि रतनवाडीकडे चढत जातो. महादेव कोळी आणि ठाकर समाजाची ही वस्ती. आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय राजूरला, ग्रामीण रुग्णालय राजूरला, आजूबाजूच्या वाड्यांची बाजारपेठही राजूरच. दाखला, औषध, शाळा, बाजार, ज्याला जे हवे त्यासाठी तो राजूरला येणार. स्वतःचे वाहन नसलेल्या घरांना आजही एस.टी. हाच मोठा आधार. असल्या मार्गावर वाहक हा निव्वळ तिकीट फाडणारा राहत नाही. अनेकांच्या दिवसात सरकारचा पहिला चेहरा तोच दिसतो.

४/ 'भावनिक श्रम' ही संज्ञा रूढ केली अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी. 'द मॅनेज्ड हार्ट' हे त्यांचे पुस्तक १९८३ सालचे. त्यासाठी त्यांनी डेल्टा एअरलाइन्सच्या हवाई सेविकांचा अभ्यास केला, अटलांटातल्या प्रशिक्षण केंद्रात बसून वर्ग ऐकले, मुलाखती घेतल्या. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा : कारखान्यातला मजूर हातांची ताकद विकतो, तशी सेवेतली व्यक्ती स्वतःच्या भावनांची मशागत विकते. प्रवाशाला सुरक्षित, आदरयुक्त, घरच्यासारखे वाटावे म्हणून ती आपला चेहरा आणि कधीकधी आपले मनही घडवते. वेतनाच्या बदल्यात घडवते, हे यातले महत्त्वाचे. घरी आजारी आईपुढे हसतमुख राहणे हा या अर्थाने भावनिक श्रम नव्हे, कारण तिथे मालक नाही, देखरेख नाही आणि पगारही नाही.

५/ (आजकाल घरातली कोणतीही दमवणारी गोष्ट 'इमोशनल लेबर' म्हणून खपवली जाते. हॉकशील्ड यांनी स्वतःच नंतरच्या काळात या ढिलेपणाबद्दल नाराजी व्यक्त केली आहे. शब्द सैल झाला की त्यातला मालक अदृश्य होतो, आणि खरा प्रश्न तर त्या मालकाचाच आहे.)

६/ आता मूळ भेद. मनात एक आणि चेहऱ्यावर दुसरेच हवे असेल, तर माणसापुढे दोन वाटा असतात. पहिली वाट चेहरा बदलण्याची. मन जसे आहे तसेच ठेवायचे, ओठ, आवाज, हातवारे तेवढे सांभाळायचे. याला 'सरफेस अ‍ॅक्टिंग' म्हणतात, आपण 'वरपांगी अभिनय' म्हणू. दुसरी वाट मन बदलण्याची. समोरच्याबद्दल असा काही विचार करायचा, अशी काही आठवण जागवायची की हवी ती भावना खरोखरच उगवावी. मग चेहरा आपोआप तिच्यामागे येतो. हे 'डीप अ‍ॅक्टिंग', म्हणजेच 'खोल अभिनय'.

७/ या संज्ञा हॉकशील्ड यांनी रंगभूमीवरून उचलल्या, तेही उघडपणे. रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्की नटाला सांगत असे की रडू काढून दाखवू नकोस, आपल्या आयुष्यातली अशी आठवण शोध की रडू येईल. तिला तो भावस्मृती म्हणे. 'मी या माणसाच्या जागी असतो तर?' हा प्रश्न नटाने स्वतःला विचारावा, हाही त्याचाच आग्रह.

८/ भरताच्या नाट्यशास्त्राची थोडी ओळख असलेल्यांना यात फार नवल वाटणार नाही. भरताने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले. हातवारे, बोलणे, वेशभूषा हे पहिले तीन. चौथा मात्र वेगळ्या जातीचा. अश्रू, रोमांच, घाम, स्वरभंग, चेहऱ्याचा रंग उडणे, या गोष्टी नुसत्या ठरवून शरीरावर आणता येत नाहीत. त्यासाठी मन एकाग्र व्हावे लागते. दुःखी नसलेला माणूस दुःखाचे अश्रू कसे दाखवणार, हा प्रश्न भरताने सरळ उपस्थित केला आहे. दोन्ही कल्पना तंतोतंत एक नव्हेत. भरताचे लक्ष प्रेक्षकाच्या रसाकडे, स्तानिस्लावस्कीचे नटाच्या तयारीकडे. तरी बाहेरचा अभिनय आणि आतून उगवलेला अभिनय यांतली रेघ दोघांनीही पाहिली होती.

९/ फरक एवढाच की नटाचा खेळ तीन तासांत संपतो, पडदा पडतो आणि त्याला टाळ्या मिळतात. वाहकाच्या खेळाला पडदा नाही. शिवाय प्रेक्षक त्याच्यापासून हातभर अंतरावर, त्याच्या अंगावर रेलून उभा असतो.

१०/ आता प्रसंग. तो कल्पित आहे, पण त्यातले नियम खरे आहेत. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एस.टी.त मोफत प्रवास आहे. ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धे तिकीट. मार्च २०२३ पासून सर्व महिलांनाही अर्धे तिकीट. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड पाहायचे आणि सवलतीचे योग्य तिकीट यंत्रावर काढायचे. मध्येच तपासणी पथक चढले आणि तिकीट चुकीचे निघाले, तर उत्तर वाहकाने द्यायचे. त्याच्यावर ठपका येतो आणि प्रकरण कारवाईपर्यंत जाऊ शकते.

११/ बाजाराचा दिवस आहे. राजूरहून निघालेली गाडी खचाखच भरलेली. पिशव्या, कोंबड्यांची टोपली, शाळेची पोरे. एक म्हातारी कार्ड पुढे करते आणि म्हणते, मला फुकट आहे. कार्डावरच्या जन्मतारखेनुसार वय ७३. वाहक सांगतो, "आजी, अर्धं तिकीट लागंल." म्हातारी ठामपणे म्हणते, "दादा, बहात्तरच्या दुष्काळात मी दोन लेकरं घेऊन खडी फोडली. कार्डाला काय ठावं?"

१२/ तिचे म्हणणे खोटे नसेलही. जुन्या पिढीतल्या असंख्य माणसांची जन्मतारीख कुठे नोंदलेलीच नव्हती. शाळेत घालताना मास्तरांनी, नाहीतर कार्ड काढताना समोरच्या कारकुनाने अंदाजे वर्ष टाकले. कार्डांवर १ जानेवारी किंवा १ जून या तारखा इतक्या वेळा दिसतात, त्याचे कारण हेच. पण वाहकाला अंदाजावर तिकीट काढता येत नाही. म्हणजे निकाल आधीच ठरलेला आहे : अर्धे तिकीट. प्रश्न एवढाच उरतो की तो निकाल तो कोणत्या मनाने सांगणार.

१३/ वरपांगी अभिनय करणारा वाहक असा वागेल. मनात आले आहे : रोज हेच, मागे वीस जण तिकिटाचे बाकी, पुढचा थांबा जवळ आलेला, आणि ही बाई हुज्जत घालते आहे. पण आवाज तो चढू देत नाही. ओठांवर एक आखीव हसू आणतो, 'आजी' हा शब्द तोंडात ठेवतो, "नियम आहे, आम्ही काय करणार," हे ठरलेले वाक्य म्हणतो, पैसे घेतो आणि पुढे सरकतो. नियम पाळला, भांडण टळले. मनातला वैताग मात्र जिथे होता तिथेच आहे. त्यावर झाकण तेवढे बसले आणि ते झाकण धरून ठेवायला ताकद लागते. पुढच्या वीस तिकिटांमध्ये ते धरूनच ठेवावे लागते.

१४/ खोल अभिनय करणारा वाहक बोलण्याआधी क्षणभर थांबतो. बहात्तरचा दुष्काळ हे शब्द तो ऐकतो. त्याच्याही घरात कुणीतरी त्या दुष्काळाच्या कामांवर गेलेले असते, त्या आजीच्या हातांकडे त्याची नजर जाते. ही बाई आपल्याला फसवत नाही, तिला कागदाने फसवले आहे, अशी तो स्वतःची समजूत घालतो. राग उतरतो. मग तो म्हणतो, "आजी, तुमचं खरं असंल, पण माझं यंत्र कार्डाचंच ऐकतं. पोराला सांगून वय दुरुस्त करून घ्या, मग बिनपैशाचं बसा." पैसे तेवढेच घेतले. शब्द थोडे जास्त, वेळही थोडा जास्त. पण आता झाकायचे काही उरलेले नाही.

१५/ बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही वाहक सौजन्यशीलच दिसतील. वहीत दोघांची नोंद सारखीच होईल. फरक आत आहे. वरपांगी अभिनयात भावना उगवून झाल्यावर तिच्या प्रदर्शनाला आवर घातला जातो. खोल अभिनयात भावना पुरती उगवण्याआधीच परिस्थितीचा अर्थ बदलला जातो. मानसशास्त्रज्ञ याच क्रमावर बोट ठेवतात. उशिरा केलेला आवर महाग पडतो, कारण तो प्रसंग संपेपर्यंत सतत चालू ठेवावा लागतो. आधी बदललेला अर्थ एकदा बसला की बराचसा स्वतःच टिकतो.

१६/ ओळखायचे कसे? प्रवाशांना ते बहुतेक वेळा कळते. आखीव हसू डोळ्यांपर्यंत पोचत नाही आणि प्रवासी वळताच झटकन विझते. शब्द प्रत्येकाला तेच असतात, त्याच चालीत. प्रसंग थोडा वाकडा गेला, म्हणजे एखाद्याने ठरलेल्या वाक्यावर उलट प्रश्न केला, की आवाज एकदम बदलतो. झाकण उडते ते असे. खोल अभिनयात शब्द माणसागणिक बदलतात.

१७/ डेल्टाच्या प्रशिक्षण वर्गात नेमका हाच खोल अभिनय शिकवला जात होता. विमानाची केबिन म्हणजे आपल्या घरातली बैठकीची खोली समजा आणि प्रवासी म्हणजे घरी आलेले पाहुणे. आरडाओरडा करणारा प्रवासी म्हणजे घाबरलेले मूल समजा. एका सेविकेने सांगितले होते की असाच एक संतापलेला प्रवासी तिला पूर्वी भेटला होता आणि नंतर कळले की त्याचा मुलगा नुकताच वारला होता. तेव्हापासून कुणीही अंगावर आला की तिला तो माणूस आठवे. ही चक्क स्तानिस्लावस्कीची भावस्मृती, फक्त रंगमंचाऐवजी तीस हजार फुटांवर.

१८/ एस.टी.च्या वाहकाला असे धडे क्वचितच कुणी दिले असतील. त्याच्या नोकरीचा कणा म्हणजे तिकीट आणि रोकड. चेहऱ्याबद्दल अपेक्षा एकच : तक्रार येऊ नये. म्हणजे विमान कंपनीने सेविकेकडे हसू मागितले, एस.टी.ने वाहकाकडे शांतता मागितली. हा फरक लहान नाही. शांतता वरपांगी अभिनयानेही भागते. म्हणून खोल अभिनय जो झाला तो वाहकांनी आपापल्या अनुभवातून, कुणी न सांगता उभा केला. जे कुणी शिकवले नाही त्याची नोंदही कुणी ठेवली नाही, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला तो सापडत नाही तो यामुळेच.

१९/ या डोंगराळ भागात आणखी एक गुंता आहे. वाहकाचा गणवेश खाकी. वाड्यापाड्यांवर खाकीचा जुना अर्थ पोलीस आणि जंगलखात्याचा माणूस. लाकूडफाटा, चराई, दंड, चौकशी असा त्या रंगाचा अनुभव. त्याच रंगाच्या कपड्यातला हा नवा माणूस मात्र लोकांना गाडीत बोलावत होता. एस.टी.चे बोधवाक्य 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय'. ते गाडीवर रंगवता येते, पण खाकीची भीती कमी करायचे काम रंगाने होत नाही. ते वाहकाच्या आवाजाने आणि नजरेनेच झाले असणार.

२०/ हॉकशील्ड यांनी हवाई सेविकांच्या शेजारी मुद्दाम एक उलटे टोक ठेवले : थकलेली देणी वसूल करणारे. त्यांनी हसायचे नसते. समोरच्याबद्दल संशय बाळगायचा, तो बुडवायलाच बसला आहे असे समजायचे, त्याची मान खाली जाईल असे बोलायचे. तोही भावनिक श्रमच, दिशा तेवढी उलटी. वाहक या दोन टोकांच्या मध्ये उभा असतो आणि त्याला दोन्ही भूमिका एकाच फेरीत कराव्या लागतात. दारात तो यजमान, तिकीट मागताना वसुली अधिकारी. 'या आजी, बसा' आणि 'कार्ड दाखवा' यांच्यामध्ये त्याला अर्ध्या मिनिटात मन पालटावे लागते. सेविकेला हे करावे लागत नाही, कारण तिच्या प्रवाशाने तिकीट आधीच काढलेले असते.

२१/ सुट्ट्या पैशांचे भांडण यातूनच पेटते. वीस रुपयांच्या तिकिटाला पाचशेची नोट आली की वाहक तिकिटाच्या मागे उरलेली रक्कम लिहून देतो आणि नंतर घ्या म्हणतो. प्रवाशाच्या मनात शंका येते : हा देईल ना? वाहकाच्या मनातही येते : याने मुद्दाम मोठी नोट काढली का? दोघे एकमेकांना वसुलीवाल्याच्या नजरेने पाहू लागतात. इथे खोल अभिनय सर्वांत अवघड, कारण समोरच्याबद्दल बरा विचार करायला खिशात सुट्टे असावे लागतात. असे क्षुल्लक वाटणारे भौतिक कारण भावनांच्या मुळाशी फार वेळा असते.

२२/ यावरून मोठ्या कारणाकडे जाता येते. डेल्टातही खोल अभिनय एका टप्प्यावर कोसळला. १९७० च्या दशकात मंदी आली, विमाने मोठी झाली, तिकिटे स्वस्त झाली, प्रवासी वाढले आणि त्या मानाने सेविका कमी पडू लागल्या. प्रत्येक प्रवाशाच्या वाट्याची मिनिटे घटली. 'घरी आलेला पाहुणा' ही कल्पना मनात आणायलाही काही क्षण लागतात आणि ते क्षणच उरले नाहीत. कंपनीची अपेक्षा मात्र तीच राहिली. सेविका वरपांगी अभिनयाकडे वळल्या. काहींनी तर हसू आखडते घेतले : थोडे कमी रुंद, थोडे उशिरा, डोळ्यांत चमक न आणता. कारखान्यात कामगार यंत्राचा वेग मंदावतात तसा हा हसण्याचा मंद संप होता.

२३/ म्हणजे कोण वरपांगी वागतो आणि कोण मनापासून, हा केवळ स्वभावाचा प्रश्न नाही. माणशी किती सेकंद मिळतात, याचाही तो प्रश्न आहे. खचाखच भरलेल्या गाडीत पुढच्या टप्प्याआधी सगळी तिकिटे संपवायची असतील तर सर्वांत सहृदय वाहकही आखीव वाक्यांवर येतो. त्याला 'उद्धट' म्हणणारा प्रवासी गाडीतली माणसे मोजत नाही.

२४/ या दोन रीतींची किंमतही सारखी नाही. १९८३ नंतर मानसशास्त्रात यावर शेकडो अभ्यास झाले. २०११ मध्ये हुल्शेगर आणि शेवे या संशोधकांनी तोवरचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. वरपांगी अभिनयाचा थकव्याशी आणि कामातल्या असमाधानाशी स्पष्ट संबंध दिसला. खोल अभिनयाचा तसा ठळक तोटा दिसला नाही, आणि ग्राहकाचे समाधान त्याच्याशी जोडलेले आढळले. हे संबंध आहेत, सिद्ध कारणे नव्हेत. आधीच थकलेला माणूसच वरपांगी वागत असेल, हीही शक्यता त्यात उरतेच.

२५/ तरीही 'खोल अभिनय चांगला, वरपांगी वाईट' असा शिक्का मारण्याची घाई करू नये. हॉकशील्ड यांची चिंता तर उलट्या बाजूची होती. चेहरा विकणारा माणूस घरी गेल्यावर चेहरा उतरवून ठेवू शकतो. पण मनच कामाला लावले तर? रोज आठ तास ठरवून सहानुभूती उगवणाऱ्याला घरी मुलाबद्दल वाटणारी माया खरी की सवयीची, हे कळेनासे होऊ शकते. कामात पूर्ण विरघळलेली व्यक्ती करपून जाते. अंतर राखणारी व्यक्ती टिकते, पण स्वतःला ढोंगी म्हणून टोचणी लावून घेते. त्या टोचणीतूनही जी सुटते ती हळूहळू सगळ्याच हसण्यांकडे तुच्छतेने पाहू लागते. म्हणून वाहकाचे ते ठरलेले वाक्य, 'नियम आहे, आम्ही काय करणार', हे ढोंग म्हणून हिणवण्यासारखे नाही. मारहाणीच्या बेतात आलेल्या प्रवाशापुढे ते ढाल असते. त्या माणसाबद्दल मनापासून माया वाटून घेण्याची सक्ती वाहकावर कुणी का करावी?

२६/ आता राजूर परिसरातल्या आणखी एका गोष्टीकडे. डोंगराळ भागातल्या मार्गांवर मुक्कामी गाडी असते. संध्याकाळी सुटायची, शेवटच्या गावात रात्री थांबायची आणि पहाटे शाळकरी पोरे, दूध, भाजी, रुग्ण यांना घेऊन परतायची. चालक-वाहक गाडीतच झोपतात, नाहीतर देवळात किंवा ग्रामपंचायतीच्या ओट्यावर. गावातल्या कुणाच्या तरी घरची भाकरी येते. बदल्यात वाहक तालुक्याहून औषधाची पुडी आणतो, निरोप पोचवतो, उशीर झालेल्या पोरीसाठी दोन मिनिटे गाडी थांबवतो.

२७/ इथे हॉकशील्ड यांची चौकट थोडी अपुरी पडते. त्यांची सेविका रोज नव्या अनोळखी चेहऱ्यांना भेटत होती. मुक्कामी गाडीचा वाहक त्याच चेहऱ्यांना रोज भेटतो. कार्डावरच्या आजीचे घर त्याला ठाऊक असते, तिच्या नातवाचा दहावीचा निकालही ठाऊक असतो. तिच्याबद्दल वाटणारी आस्था त्याला उगवावी लागत नाही, ती आधीच असते. अ‍ॅशफोर्थ आणि हम्फ्री या अभ्यासकांनी १९९३ मध्ये नेमके हेच म्हटले : भावना वरपांगी दाखवता येते, खोलात जाऊन उगवता येते, आणि कधीकधी ती सरळ खरीच असते. तिथे अभिनय नाही.

२८/ मात्र या खऱ्या आस्थेलाही काच आहे. ओळखीच्या आजीला अर्धे तिकीट सांगणे अनोळखी आजीला सांगण्यापेक्षा कठीण. रात्री जिच्या घरची भाकरी खाल्ली तिला सकाळी कार्ड मागायचे. म्हणून मुक्कामी गाडीच्या वाहकाला कधी उलट दिशेचा अभिनय करावा लागतो : मनात माया आणि चेहऱ्यावर कोरडा नियम. तपासणी पथक चढले त्या दिवशी तर हमखास.

२९/ आता डोंगर उतरून द्रुतगती मार्गावर येऊ. ऑक्टोबर २०२४ मध्ये एस.टी. महामंडळाचे तत्कालीन अध्यक्ष भरत गोगावले यांनी मुंबई-पुणे ई-शिवनेरी गाड्यांत 'शिवनेरी सुंदरी' नेमण्याची घोषणा केली. कल्पना हवाई सुंदरीची, शब्दही तिथलाच. प्रवाशांचे स्वागत करणारी, मदत करणारी परिचारिका, तिकिटाचे दर तेच. टीका लगेच झाली : आधी गाड्यांची दुरुस्ती करा, स्थानके स्वच्छ करा, मग सुंदरी आणा. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने पाहण्याची गोष्ट वेगळी आहे. शिवनेरीच्या अनेक फेऱ्या विनावाहक चालतात, तिकीट स्थानकावरच काढले जाते. म्हणजे वसुलीचे काम गाडीतून आधीच बाहेर गेलेले. मग जे उरले ते निव्वळ हसू, आणि त्यासाठी वेगळे पद सुचले. वाहकाकडे मागितली गेली होती शांतता. इथे ७६ वर्षांनी हसूच मागितले गेले, आणि ते स्त्रीकडून.

३०/ स्त्रीकडून का, याचा मागोवा मुंबईतच सापडतो. एअर इंडियाच्या हवाई सेविकांना ३५ व्या वर्षी, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केले तर, किंवा पहिल्या गरोदरपणात निवृत्त व्हावे लागे. नर्गेस मिर्झा खटल्यात १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट घटनाबाह्य ठरवली, चार वर्षांत लग्न न करण्याची अट मात्र टिकवली. पुरुष केबिन कर्मचाऱ्यांना असल्या अटी नव्हत्या. हसण्याची नोकरी तरुण, अविवाहित बाईची, हे गृहीत त्या नियमांत उघड बसलेले होते. 'सुंदरी' हा शब्द तिथून एस.टी.त आला तेव्हा ते गृहीतही सोबत आले.

३१/ आणि पगाराचे काय? नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप चालला. मुख्य मागणी महामंडळाचे शासनात विलीनीकरण, मुळाशी अपुरे आणि उशिरा होणारे वेतन. त्या महिन्यांत कर्मचाऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या येत होत्या. एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाच्या मुदतीनंतर वाहक पुन्हा गाडीत चढले. समोर सहा महिने खोळंबलेले, चिडलेले प्रवासी होते. कुणी 'आता कशाला आलात' म्हणाले असेल, कुणी पाणी विचारले असेल. त्या पहिल्या आठवड्यात खोल अभिनयासाठी लागणारी मनाची शिल्लक किती जणांकडे असेल? वरपांगी शांतता जरी राखली असेल तरी तो पूर्ण दिवसाचा पगार वसूल होईल एवढा श्रम होता.

३२/ भावनिक श्रम दफ्तरात सापडत नाही, ही इतिहासाच्या विद्यार्थ्याची खरी अडचण. वेबिलवर तिकिटे असतात, किलोमीटर असतात, रोकड असते. तक्रारवहीत वाहक दिसतो तो झाकण उडाले त्या दिवशीचा. ज्या हजारो दिवशी ते उडाले नाही त्यांची नोंद नाही. ती मिळेल तर निवृत्त वाहकांच्या तोंडून. राजूर, शेंडी, रतनवाडीकडच्या मार्गांवर नोकरी केलेली, आज सत्तरी ओलांडलेली माणसे नगर जिल्ह्यात कुठे ना कुठे असणारच. त्यांना पहिला प्रश्न 'किती तिकिटे फाडली' असा विचारू नये. कोणत्या प्रवाशाचा राग आला होता आणि तो कसा गिळला, असे विचारावे. आणि उत्तर देताना ते आवाज बदलून त्या प्रवाशाची नक्कल करू लागले, तर रेकॉर्डर बंद करू नये.